मधल्या सुट्टीतल्या बुद्धिबळाचं पत्र: एका प्रतिक्रियेला उत्तर

मधल्या सुट्टीत बुद्धिबळाचा क्लब सुरू करू द्या, असं पालकांनी मुख्याध्यापकांना लिहायच्या पत्राचा नमुना मी दिला होता. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

«मुख्याध्यापकांना लिहायच्या पत्रात अर्धं पान मिनिटांचा आणि सोंगट्यांचा हिशोब? असली पत्रं लिहिणाऱ्या पालकांना दुसरा उद्योग नसतो. मुलांना नुसतं खेळू द्या. शिवाय पत्र फार लांब आहे, आणि देखरेख कोण करणार?»

पत्र लांब आहे, हे मान्य. खर्चाचा परिच्छेद खुशाल गाळा. देखरेखीचं पत्रातच लिहिलंय, वाचलं असतंत तर दिसलं असतं. पण ‘दुसरा उद्योग नसतो’? मतभेद असू द्या, ही भाषा कशाला?

‘नुसतं खेळू द्या’ म्हणणं सोपं आहे. माझ्या मुलीच्या शाळेत आम्ही काही पालकांनी नेमकं तेच केलं होतं. डबा अर्धवट टाकून मुलं पटाकडे धावायची आणि डाव रंगात आला की घंटा व्हायची. मग मी जिंकत होतो, नाही मी, अशी भांडणं तासाला वर्गात पोचायची. वर्गशिक्षकांनी तक्रार केली आणि क्लब बंद पडला. मिनिटांचा हिशोब तिथून आलाय, रिकामपणातून नाही.

सुट्टी 40 मिनिटांची धरा. पहिली 15 डब्याची, शेवटची 5 आवरण्याची, खेळाला उरली 20. बुद्धिबळाच्या घड्याळावर प्रत्येक खेळाडूला 10 मिनिटं दिली तर दोघांची मिळून पूर्ण 20 जाऊ शकतात आणि पट मांडायलाही वेळ उरत नाही. म्हणून पत्रात 8 मिनिटं लिहिली आहेत. घड्याळं नसतील तिथे 64 घरांचा छापील कागद ठेवायचा. डाव अपुरा राहिला तर दोघांनी त्यावर मोहऱ्यांच्या जागा आणि चाल कुणाची ते लिहून सही करायची, पुढच्या वेळी तिथूनच सुरू. पुढच्या वेळीही संपला नाही किंवा जोडीदार गैरहजर असला, तर बरोबरी. वजिराचे 9, हत्तीचे 5 असे गुण मोजून निकाल देण्याची पद्धत मी मुद्दाम टाळली. तसं केलं की शेवटची मिनिटं मुलं मात करायचं सोडून नुसत्या सोंगट्या मारत बसतात. अगदी नवख्यांना फक्त राजा आणि प्यादी द्यावीत, ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. हे डाव लवकर संपतात.

आणि सोंगट्यांचं म्हणाल, तर 16 मुलांना 8 पट, म्हणजे 256 सोंगट्या. त्या एकेक मोजायच्या नसतातच. पिशवीत भरण्याआधी प्रत्येक जोडीने पट सुरुवातीसारखा मांडायचा, कुठलं घर रिकामं आहे ते लगेच दिसतं आणि हरवलेला घोडा मुलं खोलीत असतानाच शोधता येतो. हे पत्रात नसेल, तर मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न हाच येईल, सामानाची जबाबदारी कुणाची? मग तुम्ही काय उत्तर द्याल, तेही एकदा लिहा.