पेंड वाढवली, तरी फॅट का घसरली?

“उन्हाळ्यात दूध कमी झाले म्हणून पेंड वाढवली, तर फॅटही उतरली. असे का?”

धापा टाकणारे जनावर आधी वैरण सोडते, कारण चाऱ्याच्या पचनातून शरीरात अधिक उष्णता निर्माण होते. वैरण कमी झाली की रवंथ कमी होऊन लाळही कमी सुटते, आणि त्यातच ती तोंडावाटे गळून गेल्याने पोटातील आम्लता आवरणारा लाळेतला सोडा कोठीपोटापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. अशा वेळी पेंड वाढवल्यास आम्लता आणखी वाढते आणि ज्या ॲसिटिक आम्लापासून दुधातील फॅट बनते, त्याचे प्रमाण घटते.

दुपारी सावलीत उभ्या गाईची कूस अर्ध्या मिनिटात किती वेळा हलते, ते मोजावे. ती 35 वेळा हलली, तर श्वास मिनिटाला 70 होतात आणि 60 च्या पुढे गाय निश्चितच उष्णतेच्या ताणात असते. पेंड पूर्ववत करून वैरणीचा मोठा वाटा रात्री व पहाटे द्यावा. खाण्याचा सोडा पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावा. म्हशीला (काळी कातडी, त्यात घामग्रंथी कमी) नुसती सावली पुरत नाही, अंगावर पाणी लागतेच.