गुण वाढले म्हणजे चक्र यशस्वी झालं असं नाही

शिक्षणातल्या डिझाइन-बेस्ड रिसर्चचे प्रबंध मी बरेच वाचते. यात शिकवण्याचं एखादं साधन वर्गात वापरायचं, सुधारायचं आणि पुन्हा वापरायचं; अशी एकेक फेरी म्हणजे एक चक्र. बहुतेकांचा साचा ठरलेला असतो. पहिल्या चक्रात साधन वापरलं, मुलांना कंटाळा आला. दुसऱ्यात चित्रं टाकली. तिसऱ्यात गटकार्य घातलं आणि शेवटच्या चाचणीत गुण वाढले. मला हे संशोधन वाटत नाही, ही डागडुजी आहे. तिन्ही चक्रं संपली तरी मुलं कशी शिकतात याबद्दल आपल्याला आधीपेक्षा जास्त काहीच कळलेलं नसतं.

दशांश अपूर्णांकांचं उदाहरण घेऊ. ०.४५ मोठा की ०.६? पुष्कळ मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. ऑस्ट्रेलियात के स्टेसी आणि विकी स्टाइनली यांनी अशा चुकांचा बारकाईने अभ्यास केला आहे. ‘जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी’ हा त्यातला एक ठळक प्रकार. याच्या अगदी उलट, कमी अंकांची संख्या मोठी मानणारी मुलंही असतात. म्हणून चाचणीतल्या जोड्या फार जपून निवडाव्या लागतात. ०.३ आणि ०.४५ ही जोडी दिली, तर पहिल्या प्रकारचं मूल चुकीच्या विचाराने बरोबर उत्तर देतं आणि आपण खूश होतो.

समजा, आपण मुलांना एक मीटरची पट्टी दिली. तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा आहेत. ०.४५ आणि ०.६ मीटर दाखवा म्हटलं की मुलं भराभर दाखवतात, गुणही चढतात. इथे थांबलो तर चक्र यशस्वी. पण मुलांचं बोलणं ऐका: “पंचेचाळीस सेंटीमीटर, साठ सेंटीमीटर, साठ मोठे.” ती अजून पूर्ण संख्यांचीच तुलना करताहेत. दशांश आणि शतांश त्यांच्या विचारात आलेलेच नाहीत. याच मुलांना ०.३७५ आणि ०.४ द्या. सेंटीमीटरमध्ये नीट न बसणारी संख्या आली की यातली बरीच परत ३७५ कडे वळण्याची शक्यता आहे.

बिघाड नेमका कुठे झाला हे कळायचं असेल, तर वर्गात जाण्याआधी दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहून ठेवाव्या लागतात. पहिली: या साधनामुळे मुलं काय करतील, काय बोलतील. दुसरी: तसं केल्याने ती काय शिकतील. शिक्षण-संशोधक विल्यम सँडोव्हल यांनी २०१४ मध्ये मांडलेला ‘कंजेक्चर मॅप’, म्हणजे गृहीतकांचा नकाशा, ही फारकत कागदावर आणतो. आपल्या उदाहरणात पहिलं गृहीतक असं होतं, की मुलं दशांशाचे पुन्हा दहा भाग करतील. ते घडलंच नाही, खुणांनी ती गरजच संपवली. त्यामुळे भाग पाडल्याने दशांश समजतात का, या दुसऱ्या गृहीतकाची तपासणीच झालेली नाही. गुण वाढूनसुद्धा!

आता दुसऱ्या चक्रात काय बदलायचं हे उघड आहे. साधन पट्टीच, पण कोरी. लांबी मीटरशी न जुळणारी. सोबत तिच्या एक-दशांश लांबीचे तुकडे, तेही कोरे. ०.४५ दाखवायला चार तुकडे ठेवले की पाचव्याचे दहा भाग केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मुलं आता खरोखर भाग पाडत असतील आणि तरीही ०.३७५ वर अडत असतील, तर दुसरं गृहीतक डळमळलं. ही खरी बातमी आहे, मग गुण कमी का आले असेनात.

या संशोधनपद्धतीचा पाया घालणाऱ्या ॲन ब्राऊन यांनी १९९२ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात एक धोका सांगून ठेवला आहे. वर्गातल्या नोंदी ढीगभर साचतात आणि संशोधक आपल्या मताला साजेसे संवाद उचलतो. याला त्यांनी ‘बार्टलेट इफेक्ट’ म्हटलं. प्रबंधात येणारा तो एक सुंदर संवाद म्हणूनच मला पुरेसा वाटत नाही. बाकीच्या गटांत त्याच वेळी काय चाललं होतं? सगळ्या गटांच्या नोंदी एकाच निकषावर तपासल्या का? तुकडा मोडला की नाही, हा इथला निकष. तो आधी ठरलेला हवा, रेकॉर्डिंग बघून झाल्यावर नव्हे.

आणि पुढे साधन दुसऱ्या शिक्षकांकडे जातं. वेळ वाचावा म्हणून एखादे सर कोऱ्या पट्टीवर खुणा काढून देतील. हेतू चांगलाच असेल, पण ज्यामुळे मुलं भाग पाडत होती तेच निघून गेलं. ब्राऊन आणि त्यांचे सहकारी कँपिओन अशा बदलांना ‘लेथल म्युटेशन’, म्हणजे जीवघेणा बदल, म्हणत. दोष त्या सरांचा नाही. पट्टी कोरी का आहे, हे आपण त्यांना सांगितलेलंच नसतं. शिक्षक-पुस्तिकेत कृतीच्या पायऱ्या असतात, त्यामागचं गृहीतक नसतं. ते पहिल्याच पानावर हवं: पट्टी कापडाची चालेल, कागदाची चालेल, गट तिघांचा असो की पाचांचा; खुणा मात्र मुलांनीच पाडायच्या, कारण आपण तपासतोय ते नेमकं तेवढंच.