प्रतिक्रियेला उत्तर : नाणं, वजाबाकी आणि ‘हातचलाखी’

“निम्म्या लोकांची उत्तरं खोटी असतात हे तुम्हीच लिहिता आणि त्यातूनच खरा आकडा काढल्याचा आव आणता. ही शुद्ध हातचलाखी आहे. लेखात एका ठिकाणी छापा-काटाही उलटे लिहिलेत. आणि नाणं उडवणारा नियम पाळेलच कशावरून? सरळ प्रश्न विचारायची हिंमत नसलेल्यांचे हे उद्योग.”

लोक ज्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यायला कचरतात, ते नाणं उडवायला लावून विचारायच्या सर्वेक्षण-पद्धतीवर मी लेख लिहिला होता. त्यावर तुम्ही वरची प्रतिक्रिया दिलीत. छापा-काट्याची चूक माझीच. काल रात्री दुरुस्त केली, आभार. बाकीचं मात्र मी सोडून देणार नाही.

पद्धत पटली नाही म्हणाला असतात तर मला काहीच वाटलं नसतं. हातचलाखी म्हणजे मी वाचकांना फसवतो, असा त्याचा अर्थ होतो. एवढा मोठा शब्द वापरण्याआधी एक वजाबाकी करून बघायला हवी होती. तुम्ही केली नाहीत, म्हणून मी करतो.

समजा, 400 विद्यार्थ्यांना विचारलं, परीक्षेत कधी कॉपी केली आहे का? प्रत्येकाने आडोशाला जाऊन नाणं उडवायचं. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ लिहायचं. काटा पडला तर खरं असेल ते लिहायचं. नाणं दुसऱ्या कुणालाही दिसत नाही. समजा, 252 ‘हो’ आले. त्यांतले साधारण 200 छाप्यामुळे आलेले, ते वजा केले की उरतात 52. हे 52 काटा पडलेल्या साधारण 200 जणांमधले आहेत. म्हणजे 26 टक्के. कोणाचा ‘हो’ नाण्याचा आणि कोणाचा स्वतःचा, हे मला कधीच कळणार नाही आणि कळूही नये. पण नाणं किती वेळा छापा पडतं हे मला माहीत आहे, आणि तेवढं पुरतं.

आता तुमचं ‘निम्मी खोटी’ तपासू. छापा पडलेल्या 200 जणांमध्येही 26 टक्क्यांच्या हिशेबाने 52 जणांनी कॉपी केलेली असणार. त्यांचा ‘हो’ सक्तीचा असला तरी खरा आहे. म्हणजे वस्तुस्थितीशी न जुळणारे ‘हो’ साधारण 148, चारशेतले 37 टक्के. आणि तेही ठरलेला नियम पाळून दिलेले. त्याला खोटं बोलणं म्हणत नाहीत.

या पद्धतीला किंमत मोजावी लागते, ती मी कधी लपवली नाही. सरळ विचारून सगळ्यांनी खरं सांगितलं असतं, तर 400 जणांत 26 टक्क्यांच्या अंदाजाला साधारण सव्वाचार टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना धरावी लागली असती. इथे साडेनऊ धरावी लागते. तितकीच अचूकता हवी तर जवळजवळ पाचपट माणसं विचारावी लागतात. 1965 साली वॉर्नर यांनी ही कल्पना मांडली तेव्हाही हाच सौदा होता. सरळ प्रश्नाला मिळणाऱ्या खोट्या उत्तरांची चूक मात्र कितीही माणसं वाढवली तरी कमी होत नाही.

आणि हिंमत! अकरा वर्षं मी घरोघरी फिरून सर्वेक्षणाची कामं केली आहेत. नवरा मारतो का, हा प्रश्न मी बाईला विचारला आहे, सासू उंबऱ्यात उभी असताना. संपूर्ण वस्तीत एकजात ‘नाही’ आलं. ज्यांच्यासाठी काम करत होतो त्यांनी फॉर्म नीट भरले म्हणून आमचं कौतुक केलं. त्यातल्या एका बाईच्या मनगटावर वळ होते आणि मी तिच्यासमोर ‘नाही’वर खूण केली. सरळ प्रश्नाची महती मला तुम्ही सांगू नका.

नियम न पाळण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण यावर पुष्कळ काम झालेलं आहे आणि तुम्ही ते न वाचता विचारता आहात. हो, काही जण छापा पडूनही ‘हो’ लिहायला बिचकतात. दहात एक जण बिचकला, तर 252 चे 232 होतात आणि 26 टक्क्यांचे 16. हे पकडायला दुसऱ्या 400 जणांना दोन नाणी द्यायची आणि एकही छापा पडला तरी ‘हो’ लिहायला सांगायचं. इथे सक्तीचे ‘हो’ 300 यायला हवेत. दहात एक बिचकला तर ते 270 येतात, उरलेल्या 100 मधले खरे 26 धरून एकूण 296. त्यातून 300 वजा केले की उत्तर उणे येतं. एका गटात 16 टक्के आणि दुसऱ्यात उणे 4, असं दिसलं की लोक बिचकताहेत हे कळतं. गट लहान असतील तर मात्र हा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो.

आता तुमचा आक्षेप नेमका कुठल्या पायरीवर आहे ते आकड्यासकट लिहा, मी उत्तर देईन. पुन्हा तोच शब्द घेऊन आलात तर देणार नाही.