टायमर बंद केला तरी जुना मेसेज जातोच

«व्हॉट्सॲपवर मेसेज आपोआप गायब होत असतील तर घाबरू नका. १) हव्या त्या मेसेजला स्टार द्या, तो कायम राहील. २) टायमर बंद करा, आधीचे मेसेजही थांबतील. ३) Keep केलेले समोरच्याला कळत नाही. ४) गेलाच तर बॅकअपमधून परत आणा. सर्वांना पाठवा.»

हा मजकूर माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने तो शब्दशः पाळला, म्हणून हे लिहावे लागत आहे. तिच्या आधीच्या घरमालकाने ३ तारखेला मेसेज केला होता की पन्नास हजारांची अनामत, रंगकामाचे चार हजार वजा करून, महिनाअखेर परत देतो. त्या चॅटवर सात दिवसांचा टायमर होता. मावशीने ५ तारखेला स्टार दिला, टायमर बंद केला आणि ती निर्धास्त झाली. १० तारखेला तो मेसेज गेला.

स्टारबद्दल फार बोलण्यासारखे नाही. ती मेसेज पुन्हा सापडावा म्हणून केलेली खूण आहे. मुदतीशी तिचा काही संबंध नाही.

खरा घात दुसऱ्या मुद्द्याने केला. चोवीस तास, सात दिवस किंवा नव्वद दिवस ही मुदत चॅटला नव्हे, तर प्रत्येक मेसेजला तो पाठवला जातो त्या क्षणी चिकटते. नंतर टायमर बदलला वा बंद केला तर फरक पडतो तो पुढे येणाऱ्या मेसेजना; आधीचे आपापल्या ठरल्या वेळी जातातच. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या मदतपानावर हे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही ते उघडून पाहिलेले दिसत नाही. म्हणूनच मावशीच्या चॅटमध्ये ५ तारखेनंतरचे «बरं» आणि «ठीक आहे» आजही सुखरूप आहेत आणि पैशांचा आकडा असलेला एकमेव मेसेज मात्र नाही. टायमर बंद केल्याची सूचना चॅटमध्ये दिसते, त्यामुळे काम झाले असे वाटते. फसगत तिथेच होते.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. मुदत संपण्यापूर्वी मेसेजवर बोट दाबून धरून Keep निवडले, म्हणजे पुस्तकातल्या खुणेसारख्या चिन्हाला स्पर्श केला, की मेसेज खरोखर राहतो आणि चॅटच्या नावावर टिचकी मारल्यावर Kept messages या यादीत सापडतो. ही सोय २०२३ मध्ये आली. पण ती गुपचूप चालत नाही. मेसेज ठेवला गेल्याची सूचना तो पाठवणाऱ्याला जाते आणि त्याची इच्छा नसेल तर तो ते रद्द करू शकतो; त्याने एकदा नकार दिला की तो मेसेज इतर कोणालाही पुन्हा ठेवता येत नाही. लग्नाच्या हॉलचा पत्ता किंवा औषधांची यादी ठेवायला ही सोय उत्तम आहे. ज्याच्या शब्दावर उद्या त्याच्याशीच वाद होऊ शकतो, त्याचा मेसेज राखण्यासाठी मात्र तिच्यावर विसंबणे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणे. (आमचे घरमालक चोर आहेत असे मी म्हणत नाही.)

बॅकअपच्या सल्ल्याला तर हात जोडावेत. मुदत संपण्याआधी घेतलेल्या बॅकअपमध्ये तो मेसेज असतो, हे खरे. परंतु बॅकअप परत उतरवताना मुदत संपलेले मेसेज पुसले जातात, असे तेच पान सांगते. या नादाने कोणी ॲप काढून पुन्हा बसवले, तर गेलेला मेसेज परत येणार नाहीच आणि शेवटच्या बॅकअपनंतरचे बाकीचे संभाषणही हातचे जाईल.

मग मावशीने ५ तारखेला काय करायला हवे होते? वर चॅटचे नाव, मेसेजची तारीख आणि वेळ एकाच चित्रात येईल असा स्क्रीनशॉट घेऊन तो फोनबाहेर, ईमेलने स्वतःला पाठवायला हवा होता. मेसेज स्वतःच्याच चॅटवर फॉरवर्ड केला तरी तो टिकतो, फक्त त्या दुसऱ्या चॅटवर टायमर नसावा. पण फॉरवर्ड केलेल्या प्रतीवर मूळ पाठवणाऱ्याचे नाव आणि वेळ राहत नाही, म्हणून मजकूर आठवण्यापुरताच तिचा उपयोग.

योगायोगाने तिच्याकडे एक धागा उरला आहे. ५ तारखेला टायमर बंद केल्यावर तिने त्या मेसेजलाच उत्तर देऊन «चालेल, महिनाअखेर फोन करते» असे लिहिले होते, आणि अशा उत्तराच्या वर उद्धृत झालेला मूळ मजकूर मुदतीनंतरही राहू शकतो. तो राहिला आहे, पण लांब मेसेजच्या फक्त पहिल्या ओळी दिसतात: पन्नास हजारांचा आकडा आहे, महिनाअखेरीचा शब्द कापला गेला आहे. त्याचा स्क्रीनशॉट मी काल तिच्या फोनवर बसून काढला, आणि घरमालकांना रक्कम व तारीख पुन्हा एकदा लिहून पाठवण्याची विनंती करणारा मेसेज तिने आज सकाळी केला आहे, या वेळी टायमर बंद असल्याची खात्री करून.