अण्णांचं नाक, सर्व बाजूंनी

सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला मी त्यांचं चित्र काढणार, हे बायकोने मला न विचारताच माहेरी सांगून टाकलं. निवृत्तीनंतर मी गंगापूर रोडला चित्रकलेच्या वर्गाला जातो आणि तिथे तेव्हा क्यूबिझम, म्हणजे एकच गोष्ट अनेक बाजूंनी एकाच चित्रात दाखवणं, चालू होतं, हा अण्णांच्या नशिबाचा भाग. बायकोची अट एकच होती. "कसलंही काढा, पण अण्णा ओळखू आले पाहिजेत."

हाताशी फोटो होता पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला, पासपोर्ट साइजचा. चौकटी आखून तो मोठा केला, चेहऱ्यावर पट्टीने तिरप्या रेषा मारल्या, त्रिकोणांना वेगवेगळ्या छटा दिल्या आणि सगळं काळ्या रंगाने ठसठशीत रेखाटलं. मी स्वतःवर बेहद्द खूश. सरांनी डोळे किलकिले करून बघितलं.

"आरसा पडलाय हो तुमचा. तुकडे झालेत, पण आत दिसणारा माणूस अजून एकाच जागेवरून दिसतोय. या रेषा मनातल्या मनात पुसा. फोटो परत जुळतोय ना? मग नुसत्या चिरा पाडल्यात तुम्ही."

पुसल्या. जुळला. अण्णा जसेच्या तसे, पेन्शनची वाट बघत.

अडचण होती नाकाची. अण्णांचं नाक म्हणजे कड्यासारखं सुटलेलं, पण समोरून काढलेल्या फोटोत दोन नाकपुड्या आणि थोडी सावली, एवढंच उरतं. कॅमेरा एका डोळ्याने, एका जागेवरून बघतो. नाक किती पुढे आलंय हे त्याला सांगताच येत नाही. म्हणजे आणखी फोटो हवेत. पण अण्णांना "जरा मान वळवा" म्हणायची छाती कोणाची?

म्हणून रविवारी त्यांना मिसळ खायला नेलं. माणूस मिसळ खाताना मान सगळीकडे वळवतो: रश्श्याकडे, पावाकडे, शेजारच्या ताटाकडे. जवळून काढलेल्या फोटोंत नाक फुगून पपईएवढं झालं, कारण मोबाइल तोंडाजवळ नेला की जे पुढे असतं ते वाजवीपेक्षा मोठं येतं. मग मी दोन पावलं मागे सरकलो आणि तेवढ्याच अंतरावरून एक समोरून, एक तिरका, एक अगदी बाजूचा असे घेतले. चौथा खुर्चीमागे उभं राहून वरून, टकलाचा. वेटरला वाटलं मी रश्श्यात काही पडल्याचा पुरावा गोळा करतोय. त्याने न मागता तर्री आणून दिली.

घरी ते फोटो एका मापाचे करून छापले आणि बटर पेपरवर गिरवले. समोरच्या आणि बाजूच्या चेहऱ्यात भुवया, नाकाचं टोक, ओठ आणि हनुवटी एका उंचीवर आणली आणि एक कागद दुसऱ्यावर सरकवत गेलो. बाजूच्या चेहऱ्याची कड समोरच्या चेहऱ्याच्या बरोबर मधोमध आली तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. एकच रेषा, पण डावीकडून बघितलं तर अण्णांचं कड्यासारखं नाक आणि उजवीकडून बघितलं तर समोरच्या अर्ध्या चेहऱ्याची हद्द. वर कपाळाला टेकवून वरून दिसणारं टक्कल ठेवलं. खाली तिरक्या फोटोतला जबडा.

काळ्या रेषा या वेळी बंद. प्रत्येक पैलू एका कडेला गडद करायचा, दुसरीकडे फिका करत न्यायचा आणि ती फिकी कड बंदच करायची नाही. ती शेजारच्या पैलूत किंवा थेट मागच्या भिंतीत विरू द्यायची. याला फ्रेंचमध्ये पासाज म्हणतात. सगळ्या कडा बंद केल्या तर चर्चच्या खिडकीतली रंगीत काच होते. रंग फक्त पिवळी माती, तपकिरी आणि राखाडी, कारण भडक रंग आला की डोळा आकार सोडून त्याच्यामागे धावतो. बायको म्हणाली, "अण्णांना कावीळ झालीय का?"

आणि हो, माणूस ओळखू यायचा तर दोन-चार खुणा न मोडता ठेवाव्या लागतात. पिकासोने 1910 मध्ये आपला चित्रविक्रेता कानवायलर रंगवला, तेव्हा बाकी सगळ्याचा भुगा केला, पण केसांचं वळण आणि जुळवलेले हात शाबूत ठेवले. मी अण्णांचा चष्म्याचा दोरा आणि कानातले केस ठेवले.

पंचवटीतल्या त्यांच्या घरी चित्र उघडलं. मेहुण्याने मोबाइल आडवा धरून बघितला, मग उभा. अण्णा बराच वेळ गप्प होते.

"आमच्या न्हाव्याला मी असा दिसत असणार," ते म्हणाले. "डावा कान कुठाय? यंत्र त्यातच बसवलंय."

सासूबाई चष्मा पुसून पुढे आल्या. मधल्या रेषेच्या डावीकडचं नाक त्यांनी बोटाने दाखवलं. "हे आमचे. झोपाळ्यावर पेपर वाचताना पन्नास वर्षं एवढेच दिसलेत मला." मग उजवीकडच्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हे दुसरे कोण, जावईबापू?"