चंद्रकलांच्या फोटोंत सावली कुणाची?

‘या फोटोंत पृथ्वीची सावली रोज थोडी सरकते, म्हणून चंद्र लहान-मोठा दिसतो ना?’

नाही. मुलांनो, शुक्ल अष्टमीच्या आसपासचा फोटो बघा. त्या दिवशी सूर्य मावळताना अर्धा चंद्र आकाशात उंच, दक्षिणेकडे असतो. पृथ्वीची सावली मात्र नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे त्या वेळी पूर्व क्षितिजाकडे पडते. चंद्र तिच्यापासून ९० अंश दूर असतो. फोटोतला काळा भाग ही चंद्राचीच रात्र आहे.

उजेड-अंधाराची कडाही हेच सांगते. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची गडद सावली चंद्राच्या सुमारे अडीच पटींहून रुंद असते, म्हणून ग्रहणात तिची गोल कडा उजळ भागात शिरते. अष्टमीला कडा जवळजवळ सरळ दिसते, एकादशीला तर उजळ भागच बाहेर फुगतो. सावलीच्या गोल कडेने असा फुगवटा कधीच येणार नाही.

पडताळणी सोपी आहे: अष्टमीच्या दुपारी चारच्या सुमारास चंद्र उगवलेला असतो. त्याच्या दिशेने उन्हात चेंडू धरा. चेंडूची उजळ बाजू चंद्रासारखीच दिसेल.