प्रौढांच्या इंग्रजीचे बारसे

नागपुरात मोठ्या माणसांसाठी स्पोकन इंग्लिशचा वर्ग काढण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर शिकवायचे काय हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा आणि आधी वर्गाचे बारसे उरकावे. त्याच खोलीत सकाळी बालवाडी भरत असल्यास फारच उत्तम, कारण 'लिटल स्टार'चा फ्लेक्स तयारच असतो आणि त्याखाली 'स्पोकन इंग्लिश, सायं. ७ ते ८' एवढी पट्टी चिकटवली की काम भागते. येणारा विद्यार्थी ५२ वर्षांचा असून एका पतसंस्थेत हेडक्लार्क आहे, हा विचार मनाला शिवू देऊ नये.

सक्करदऱ्याकडच्या अशाच एका वर्गात माझ्या परिचयाचे एक गृहस्थ जात असत. पहिल्या महिन्याची फी त्यांनी फोनवरून भरली आणि रात्री जेवताना मुलाने विचारले, "बाबा, हे लिटल स्टारला बाराशे कशाचे गेले?" शेजाऱ्यांच्या नातीची फी अडली होती, असे सांगून त्यांनी वरणात मान घातली. पुढे ते स्कूटर वर्गासमोर न लावता दोन गल्ल्या पलीकडे लावू लागले, आणि वर्गाचे नाव छापलेली फाइल उलटी करून, नाव छातीकडे ठेवून नेऊ लागले. एके दिवशी व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवलेल्या त्यांच्या फोनवर 'लिटल स्टार ईव्हनिंग बॅच' या ग्रुपचा 'गुड ईव्हनिंग स्टार्स' हा संदेश उजळला, आणि तिसऱ्या महिन्यात त्यांनी वर्ग सोडला. सरांनी फी परवडत नसावी असा निष्कर्ष काढून ती शंभर रुपयांनी उतरवली. आपणही तसेच करावे. दोन गल्ल्या पलीकडे उभ्या असलेल्या स्कूटरी मोजत बसू नये.

पाटी वाचणाऱ्याला नाव कसे वाटते याला फारसे महत्त्व नसून, 'मी अमुक ठिकाणी चाललो' हे वाक्य विद्यार्थ्याला स्वतःच्या तोंडाने बायकोपुढे आणि साहेबांपुढे पुरे करावे लागते, असे काही चिकित्सक लोक म्हणतात. असल्या लोकांना नामकरणाच्या बैठकीस बोलावू नये.

बालिशपणाचा आरोप टाळायचाच असेल, तर 'ॲडल्ट इंग्लिश' हे नाव तत्काळ सुचते. चित्रपटाच्या प्रमाणपत्रावरील 'ए' या अक्षराने आपल्याकडे या शब्दाची जी कीर्ती करून ठेवली आहे, तिच्यामुळे चौकशीचे फोन भरपूर येतील. मात्र ते बहुधा रात्री अकरानंतर येतील. शुद्ध मराठीचा आग्रह असल्यास 'प्रौढ' हा शब्द घ्यावा. १९७८ साली राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून या शब्दाला पाटी, कंदील आणि अंगठ्याची शाई चिकटून आहे, त्यामुळे बी. कॉम. झालेल्या माणसाला आपण निरक्षर असल्याचा साक्षात्कार प्रवेशद्वारातच होतो. 'झिरो टू हीरो' आणि 'हेजिटेशन रिमूव्हल' ही नावेही याच गुणाची आहेत, कारण रोगाचे नाव दवाखान्यावर रंगवले की रोगी ओळखायला सोपे जातात. गावाचा अभिमान म्हणून 'ऑरेंज सिटी' लावावे, तर ते डोळ्यांसमोर थेट 'ओ फॉर ऑरेंज'चा तक्ता उभा करते. (आपल्या शहराचे हे दुखणे फक्त इंग्रजीच्या वर्गांनाच कळते.)

नाव इंग्रजी ठेवून सुटका होईल असेही समजू नये. २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली असून, तिच्यावरची देवनागरी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सबब 'फ्लुएन्सी' हा शब्द फ्लेक्सवाल्याच्या संगणकातून 'फुलएन्सी' होऊन बाहेर पडेल, आणि त्याच्याखाली बसून आपण उच्चार शिकवाल.

महाल भागात एका बाईंनी मात्र आगाऊपणा करून वर्गाला 'काउंटर आणि मीटिंगचे इंग्रजी' असे सरळ कामाचे नाव दिले. त्यात विद्यार्थ्याचे वयही नाही आणि त्याची उणीवही नाही. परिणामी एका औषध दुकानदाराने ते नाव गिऱ्हाइकासमोर मोठ्याने उच्चारले आणि दुसऱ्या दिवशी ते गिऱ्हाईकच प्रवेशाला आले. अशा नावात काही चमक नसते, हे आपल्या लक्षात आलेच असेल.

राहता राहिली बॅचची नावे. 'बेसिक' म्हणणे क्रूर वाटत असेल, तर युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेली सहा पायऱ्यांची मोजपट्टी घ्यावी. तिच्यात ए-वन ही सर्वांत खालची पायरी असून सी-टू सर्वांत वरची आहे. आपल्याकडे ए-वन म्हणजे अव्वल, त्यामुळे पहिल्याच दिवशी विद्यार्थी पानठेल्यावर छाती काढून सांगेल, "आपण तर ए-वन बॅचला आहो भाऊ." अडचण येते ती चार महिन्यांनी, जेव्हा आपण त्याला बढती म्हणून ए-टूमध्ये बसायला सांगता आणि तो आपले काय चुकले, असे विचारत फी परत मागतो.